काकींसाठी लिहिलेला कागद

माझ्या काकींनी दुकानाची रोकडवही आणि खतावणी तीस वर्षे सांभाळली. आकडे त्या आजही माझ्यापेक्षा लवकर वाचतात. मजकूर मात्र आता सावकाश, एकेका शब्दावर थांबून वाचावा लागतो. मागील वर्षी त्यांच्या बँकेकडून मुदत ठेवीबद्दल एक पत्र आले. त्यातील एक वाक्य असे होते : ‘आपल्या नावे असलेली मुदत ठेव परिपक्व होत असून, मुदतपूर्तीपूर्वी नूतनीकरणाबाबत आपणाकडून लेखी सूचना प्राप्त न झाल्यास सदर रक्कम नियमानुसार ठेवण्यात येईल.’

काकींनी पत्र दोनदा वाचले आणि ‘रक्कम ठेवण्यात येईल’ एवढे लक्षात ठेवून कपाटात ठेवले. ठेव आपोआप पुढे चालू राहिली, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात तशी सूचना पावतीवर नव्हती. मुदत संपलेल्या ठेवीला, ती तशीच पडून राहिल्यास, बचत खात्याचा दर किंवा मूळ करारातील दर यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. रिझर्व्ह बँकेचा २०२१ पासूनचा हा नियम आहे. तीन लाखांची ठेव सात महिने सात टक्क्यांऐवजी तीन टक्क्यांवर राहिली. सुमारे सात हजार रुपयांचे व्याज बुडाले.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘असून’, ‘झाल्यास’, ‘करून’ असे जोड देत वाक्य लांबले, की सावकाश वाचणारी व्यक्ती शेवटाला पोहोचेपर्यंत कर्ता विसरते. शिवाय ‘ठेवण्यात येईल’ यात कोण ठेवणार, हे सांगितलेलेच नसते. नोकरीत असताना अशी पत्रे मीही लिहिली, हे कबूल केले पाहिजे.

यंदा तीच ठेव पुन्हा पूर्ण होणार होती, म्हणून मी काकींसाठी वेगळा कागद तयार केला. अक्षर अठरा पॉइंटचे घेतले आणि दोन ओळींत दीडपट अंतर ठेवले. देवनागरीत मात्रा व अनुस्वार वर, तर उकार खाली असतात. ओळी जवळ आल्या की ते एकमेकांना भिडतात. महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारली, तर ती नेमकी उकारावरून जाते. फार जाड ठशाने जोडाक्षरे भरून जातात. म्हणून महत्त्वाच्या ओळीच्या वर-खाली केवळ मोकळी जागा सोडली.

पहिला प्रयत्न फसला. ओळ कागदाच्या कडेला जिथे संपेल तिथे मी तोडू दिली होती. त्यामुळे एका ओळीच्या शेवटी ‘पावतीवर घरी सही करू’ आले आणि ‘नका’ खालच्या ओळीत गेले. काकींनी पेन मागितला! पावतीमागची सही बँकेत अधिकाऱ्यासमोर करायची असते. आधीच सही केलेली पावती हरवली, तर ती दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका असतो. त्यानंतर मी ओळ रुंदीप्रमाणे न तोडता अर्थाप्रमाणे तोडली. एका ओळीत एकच गोष्ट, आणि नकार कधीही क्रियापदापासून वेगळा नाही. दुसरा कागद असा झाला :

काकी,
तुमची बँकेत ठेव आहे.
ती १४ ऑगस्टला पूर्ण होते.
रक्कम ३,००,००० रुपये.

तुम्ही एक गोष्ट ठरवा.
पैसे काढायचे?
की पुन्हा ठेवायचे?

१४ ऑगस्टच्या आधी बँकेत जा.
मूळ पावती न्या.
पॅन कार्ड न्या.
आधार कार्ड न्या.

पावतीवर घरी सही करू नका.

‘परिपक्व’च्या जागी ‘पूर्ण’ आणि ‘नूतनीकरणा’च्या जागी ‘पुन्हा ठेवणे’ हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. परंतु ‘पावती’ हा शब्द मी बदलला नाही. खिडकीवर तोच शब्द कानी पडणार असतो. व्याजदर, कर आणि वारसनोंद या गोष्टी या कागदात घेतल्या नाहीत. त्यांसाठी निराळा कागद हवा, नाहीतर तारीखच हरवते.

‘समजले का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. वडीलधारी माणसे संकोचाने ‘हो’ म्हणतात. मी विचारले, ‘‘काकी, आता तुम्ही काय करणार?’’ त्यांनी तारीख व तिन्ही कागद बरोबर सांगितले. सहीबद्दल त्या म्हणाल्या, ‘‘तिथे साहेबांपुढे करायची.’’

एक दुरुस्ती मात्र त्यांनी सुचवली. ‘‘रक्कम चौथ्या ओळीत कशाला? आधी आकडा लिही, म्हणजे कोणती ठेव ते मला कळेल.’’ त्यांच्याजवळ तीन ठेवी आहेत, हे मी विसरलो होतो. आता आकडा पहिल्या ओळीत आहे, आणि त्याच्या शेजारी पावतीचे शेवटचे चार अंक.