खांद्यावर पट्टा नाही, मग गाऊन राहतो कशावर?

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नाच सुरू झाला की कधी कधी एक गोष्ट हमखास दिसते. नवरीचा गाऊन स्ट्रॅपलेस असतो आणि तिचा एक हात सारखा वरच्या काठाकडे जातो. मग टेलरला सांगितलं जातं, ‘छातीत अजून घट्ट करा.’ घोटाळा होतो तो इथेच. सर्वांत फुगीर जागी कापड आवळलं की ते अरुंद जागा शोधत खाली कमरेकडे उतरतं.

असा गाऊन खरं तर कमरेवर उभा असतो. आत कमरेच्या रेषेवर न ताणणारी जाड फीत शिवून घेतात आणि चेन लावण्याआधी तिचा हूक लावतात. घेराचं सगळं वजन ही फीत पेलते. तिच्यापासून वरच्या काठापर्यंत शिवणींवर बोनिंगच्या, म्हणजे स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या, कड्या उभ्या असतात. त्या नसतील तर बसल्यावर कापड कमरेजवळ आडव्या घड्या घालून गोळा होतं आणि काठ खाली येतो. कडी मात्र शिवणीच्या टोकापासून पाव इंच अलीकडे थांबवावी आणि तिचं टोक गोल असावं, नाहीतर ती कापड फाडून बाहेर येते.

आता वरचा काठ. घागरीच्या गळ्याला बांधलेली दोरी पोटावरून खाली घसरत नाही. काठाचंही तसंच. तो छातीच्या फुगवट्यापेक्षा वर, शरीर पुन्हा निमुळतं होतं तिथे बसतो, म्हणून त्याचा घेर तिथल्या मापापेक्षा थोडा कमीच हवा. समजा, त्या जागी अंगाचं माप ३३ इंच आहे आणि काठ ३४ इंचांचा झालाय. तो साडेबत्तीसवर आणायचा, म्हणजे दीड इंच काढायचा. पुढच्या दोन प्रिन्सेस शिवणींत अर्धा अर्धा इंच आणि बाजूच्या दोन शिवणींत पाव पाव इंच घ्यायचा. ही शिवण उतरत उतरत छातीच्या रेषेवर शून्याला मिळवायची, म्हणजे छातीचं माप जसंच्या तसं राहतं. काठ शिवताना आतून न ताणणारी टेपही लावावी, कारण तिरक्या कापलेल्या भागाला ताण बसला की तो सैल पडतो.

सिलिकॉनच्या रेषा असलेलं ग्रिप इलॅस्टिक शेवटी, अस्तराच्या काठाला. सिलिकॉनची बाजू अंगाला लागली पाहिजे आणि इलॅस्टिक खूप ताणून शिवू नये, नाहीतर काठाला चुण्या पडतात. घाम, पावडर, तेल किंवा लोशन लागलं की त्याची पकड सुटते. काही जणींच्या त्वचेला ते खुपतंही. त्यामुळे ते मदतनीस आहे, आधार नव्हे.

शेवटच्या ट्रायलला काठ कुठे आहे ते टेपने मोजा, मग हात वर करा, खुर्चीवर बसा, दोन मिनिटं नाचा. कमरेजवळ आडव्या घड्या दिसल्या तर दोष बोनिंगचा. काठ अंगापासून सुटून उभा राहिला तर कापणीचा. अख्खा गाऊनच खाली आला तर कमरेची फीत सैल आहे. इलॅस्टिक बदलायची वेळ या तिन्हींनंतर येते.