नऊ दिवस घराबाहेर

खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली, की घरमालकाचा फोन येतो: 'बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करायचंय, आठवडाभर दुसरीकडे राहा.' फोनवरचा 'आठवडा' हमखास लांबतो. टाइल्स आणि जुना कोबा फोडायचा, लेप लावायचा, तो वाळला की पाणी भरून किमान 24 तास गळती पाहायची, मग पुन्हा टाइल्स बसवायच्या. पाणी भरून पाहणं हे काम कंत्राटदार घाईत टाळतो, आणि पावसाळ्यानंतर ओल परत येते.

म्हणून नोटीस लेखी हवी, मेसेजवर असली तरी चालेल. काम कोणतं, तारखा कोणत्या, सामान कुठे राहील आणि किल्ली कोणाकडे, हे त्यात यावं.

भाड्याचा हिशेब सोपा आहे. समजा, भाडं महिना 24,000 रुपये, म्हणजे रोजचे 800. नऊ दिवस घर बंद राहिलं तर 7,200 रुपये वजा होऊन 16,800 भरायचे. मात्र लॉजचा खर्च आपोआप मिळत नाही. तो आधीच ठरवावा लागतो.

काम लांबलं तर प्रत्येक जादा दिवसाचे 800 वजा होतील, हे वाक्य नोटिशीतच लिहून घ्या. आणि घर सोडण्याआधी भिंतींचे, सामानाचे फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत घेताना तेच कामाला येतात.