ओळ तीच, शेजार नवा

मलय भाषेत ‘पांतुन’ नावाची चार ओळींची जुनी लोककविता आहे. तिच्यातला ‘पांतुन बेरकाइत’ हा प्रकार साखळीसारखा : एका कडव्याच्या ओळी पुढच्या कडव्यात अडकवत न्यायच्या. व्हिक्टर ह्यूगोने १८२९ साली ‘लेझोरियांताल’ या संग्रहाच्या टिपांमध्ये अशा एका रचनेचा फ्रेंच गद्यानुवाद छापला आणि युरोपातल्या कवींना हा प्रकार ठाऊक झाला. तिकडे त्याचं नाव पडलं ‘पांतूम’.

नियम सोपा आहे. पहिल्या कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होते. असं कितीही कडवी चालतं. शेवटच्या कडव्यात मात्र आरंभीची तिसरी ओळ दुसऱ्या जागी येते आणि कवितेची पहिली ओळच शेवटची ठरते. मूळ प्रकारात यमकंही असतात. ती बाजूला ठेवून एक छोटं पांतूम इथे रचून पाहू.

दार उघडंच होतं.
आई अंगणात उभी होती.
विहिरीवर रहाट वाजत होता.
कुणीतरी हाक मारली.

आई अंगणात उभी होती.
मी मागे वळून पाहिलं नाही.
कुणीतरी हाक मारली.
एवढ्यात पाऊस आला.

मी मागे वळून पाहिलं नाही.
विहिरीवर रहाट वाजत होता.
एवढ्यात पाऊस आला.
दार उघडंच होतं.

बारा ओळी, पण वेगळ्या फक्त सहा. ‘कुणीतरी हाक मारली’ ही ओळ पहिल्यांदा रहाटाच्या आवाजामागून येते, तेव्हा ती कुणाचीही हाक असू शकते. दुसऱ्यांदा तिच्या आधी न वळलेली मान आहे, त्यामुळे ती आईचीच हाक वाटू लागते. अक्षर बदललं नाही, शेजार बदलला. आरंभी दार उघडं असणं ही साधी माहिती होती. शेवटी त्यात कुणाचं तरी वाट पाहणं ऐकू येतं.

मनात सलणारी आठवणही अशीच वागते. प्रसंग तोच आठवतो, पण दर वेळी त्याला नवा तपशील चिकटतो आणि आधीचा अर्थ हलतो. मधल्या प्रत्येक कडव्यात दोनच ओळी नव्या असल्यामुळे कविता दोन पावलं पुढे जाताना दोन मागची सोबत घेते. म्हणून सरळ घडत जाणारी गोष्ट इथे अडखळते. पश्चात्ताप, विरह, घराची ओढ मात्र रमते.

फसतं कुठे? ओळ फार बंदिस्त असली की. ‘सोमवारी आईने मला हाक मारली’ असं लिहिलं तर दुसऱ्या फेरीत तिला नवं काही सांगायला जागाच उरत नाही. उलट ओळ अर्धवट, मागच्या वाक्याला लटकलेली असेल, तर नव्या जागी व्याकरणच कोलमडतं. यावर वाट काढायला काही कवी परतणाऱ्या ओळीत एखादा शब्द किंवा विरामचिन्ह बदलतात. डोनाल्ड जस्टिस या अमेरिकन कवीने महामंदीवरच्या आपल्या पांतूममध्ये अशी मोकळीक घेतली आहे.

पांतूम जमलं की नाही, हे तपासायला एक ओळ दुसऱ्या ठिकाणी झाकून कडवं वाचावं. काहीच हरवलं नाही, तर ती ओळ केवळ नियमापुरती परतली होती.