३१ गुणवाला पास कसा झाला?

सहा विद्यार्थ्यांचे गुण आहेत: ७२, २८, ३१, ६५, ३०, ८१. पस्तीसच्या खालचे काढून टाकायचे आणि उरलेल्यांची यादी छापायची, एवढंच काम. पायथॉन शिकून महिनाभर झालेला कुणीही ते असं लिहील:

```python
gun = [72, 28, 31, 65, 30, 81]
for m in gun:
    if m < 35:
        gun.remove(m)
print(gun)
```

वाचताना यात काहीच खटकत नाही. प्रत्येक गुण घे, पस्तीसपेक्षा कमी असेल तर काढ. चालवल्यावर मात्र पडद्यावर येतं `[72, 31, 65, 81]`. २८ गेला, ३० गेला, पण ३१ मजेत बसून आहे. एररही नाही आणि इशाराही नाही.

पहिला संशय अटीवर जातो. ३१ हा ३५ पेक्षा कमी आहे की नाही, हे लोक खरंच तपासून बघतात! अट निर्दोष आहे. ३१ ची तपासणी झालीच नाही, ही खरी गोम. आणखी मौज म्हणजे ८१ चीही झाली नाही. तो उत्तीर्ण होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

`for` चा लूप यादीतली माणसं ओळखत नाही, तो जागा मोजतो. त्याच्याजवळ दोनच गोष्टी असतात: यादी कोणती आणि पुढची जागा कितवी. या जागेच्या क्रमांकाला इंडेक्स म्हणतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. दर फेरीला लूप बघतो, की हा क्रमांक यादीच्या आत्ताच्या लांबीपेक्षा लहान आहे का. असेल तर त्या जागेवरची वस्तू उचलतो आणि क्रमांक एकाने वाढवतो. यादीची लांबी सुरुवातीला एकदाच मोजून ठेवत नाही, दरवेळी नव्याने विचारतो.

यादी आपल्या बाजूने वेगळाच नियम पाळते. पायथॉनची लिस्ट आपल्या घटकांचे पत्ते मेमरीत सलग, मध्ये भोक न ठेवता मांडते. मधला एक काढला की त्याच्यामागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. दवाखान्यातल्या खुर्च्यांसारखं. दोन नंबरच्या खुर्चीवरचा पेशंट उठला, की तीनवाला दोनवर येतो आणि चारवाला तीनवर. कंपाउंडर मात्र खुर्चीचे आकडे धरून चाललाय. दोन झाली, आता तीन. सरकून दोनवर आलेल्याला विचारायला कुणी येतच नाही.

आता आपली यादी हळू चालवून बघू. जागा ०, तिथे ७२, पास. जागा १, तिथे २८, काढला. यादी झाली ७२, ३१, ६५, ३०, ८१. म्हणजे ३१ आता जागा १ वर आला, पण लूप निघाला जागा २ कडे. तिथे ६५, पास. जागा ३ वर ३०, काढला. यादी उरली ७२, ३१, ६५, ८१. पुढची जागा ४, पण यादीची लांबीही आता ४ च, म्हणजे शेवटची जागा ३. लूप संपला. सहा गुणांपैकी तपासले गेले चार.

थोडक्यात, जो काढला जातो त्याच्या लगेच मागचा सुटतो. मागचा पास असेल तर सुटूनही काही बिघडत नाही. मूळ यादीतून ३१ वगळून पाहा: ७२, २८, ६५, ३०, ८१. तोच कोड, आणि उत्तर येतं ७२, ६५, ८१, अगदी बरोबर. इथे तर ६५ आणि ८१ दोघंही न तपासता राहिले आहेत. म्हणून हा दोष चाचणीत सापडत नाही आणि प्रत्यक्ष कामात डोकं वर काढतो. गुणांची यादी कुणी चढत्या क्रमाने लावून दिली, की सगळे नापास एकाला एक लागून येतात आणि त्यातला एकाआड एक सुटतो. चार वेळा २८ अशी यादी दिली तर दोन २८ शिल्लक राहतात.

काढण्याऐवजी लूप चालू असताना `append` ने भर घालत राहिलात, तर उलटी गत होते. लांबी दर फेरीला वाढते आणि लूप कधी संपतच नाही.

पायथॉनच्या डिक्शनरीचं वागणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. तिच्यावरून लूप चालू असताना एखादी नोंद काढलीत, तर पुढच्या फेरीलाच ती थांबवते आणि म्हणते `RuntimeError: dictionary changed size during iteration`. लिस्टने हे सौजन्य दाखवलेलं नाही, आणि गप्प राहणारी चूक ओरडणाऱ्या चुकीपेक्षा केव्हाही महाग पडते.

उपाय काय? बहुतेक वेळा काढायचंच नाही. ठेवायचे आहेत त्यांची नवी यादी करायची:

```python
gun = [m for m in gun if m >= 35]
```

अट उलटली आहे, तेवढं ध्यानात ठेवा. इथे कुणाला ठेवायचं हे सांगायचं असतं. लूप चालू असताना जुन्या यादीला हात लागत नाही, त्यामुळे कुणी सरकत नाही आणि कुणी सुटत नाही.

यात एक खोच आहे. `gun` हे नाव आता नव्या यादीला लागलं, पण जुन्या यादीला प्रोग्रॅममध्ये आणखी कुठे दुसरं नाव असेल, तर तिथे नापास तसेच दिसतील. फंक्शनला यादी दिली आणि आत ही ओळ लिहिली, तर बाहेरच्या यादीत काहीच बदलत नाही. तीच यादी बदलायची असेल तर डावीकडे `gun[:]` लिहायचं. उजवीकडची नवी यादी आधी पूर्ण तयार होते आणि मग जुन्या यादीत ओतली जाते.

पुष्कळजण मूळ लूपमध्येच `for m in gun[:]` करतात, म्हणजे नकलेवरून फिरायचं आणि मूळ यादीतून काढायचं. उत्तर बरोबर येतं. पण `remove` दरवेळी पहिल्यापासून शोधत जातं आणि काढल्यावर मागचे सगळे सरकवतं. एक लाख नोंदींतल्या निम्म्या अशा काढल्या, तर शोधणं आणि सरकवणं मिळून तीनशे कोटींहून अधिक पावलं पडतात. नवी यादी करायला एक लाख पुरतात. लहान यादीला नक्कल चालेल, मोठीला नको.

जागच्या जागी एकेक काढणं भागच असेल, तर शेवटाकडून सुरुवात करा:

```python
for i in range(len(gun) - 1, -1, -1):
    if gun[i] < 35:
        del gun[i]
```

काढल्यावर सरकतात ते मागचे, आणि मागचे तर आपण आधीच तपासलेले असतात. पुढच्यांच्या जागा हलत नाहीत. सरकवण्याचा खर्च मात्र इथेही आहेच.

तुमच्या जुन्या कोडमध्ये असा लूप असेल तर तो एकदा तपासून घ्या. चाचणीला अशी यादी द्या, की ज्यात दोन नापास शेजारीशेजारी आहेत, आणि दुसरी अशी, की ज्यात सगळेच नापास आहेत. दुसऱ्या यादीचं उत्तर रिकामं आलं नाही, तर लूप माणसं सोडतोय.