एच-वन-बीची मुदतवाढ: तारीख कुठली धरायची?

अमेरिकेत एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याला मुदतवाढ स्वतः मागता येत नाही. आय-१२९ हा अर्ज कंपनी करते, त्यावर सही तिची असते. आपल्या हातात उरतं ते वेळेवर विचारणं, आणि घोळ होतो तो नेमका तारखेत.

पासपोर्टवरचा व्हिसा देशात शिरण्यापुरता असतो. आत किती दिवस राहता येईल ते आय-९४ या नोंदीवर असतं. समजा, डॅलसमधल्या एका पुणेकर इंजिनिअरच्या मंजुरीपत्रावर, म्हणजे आय-७९७ वर, ३० सप्टेंबर २०२६ ही तारीख आहे. दिवाळीला घरी येऊन तो परतला. त्याचा पासपोर्ट १४ जुलैला संपत होता, म्हणून विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आय-९४ वर १४ जुलैच टाकली. आता त्याची मुदत जुलैत संपते, पण कंपनीच्या नोंदीत सप्टेंबरच राहतो. म्हणूनच प्रत्येक प्रवासानंतर आय-९४ संकेतस्थळावरून काढून पाहायलाच हवा.

अर्ज मुदतीच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे इथे जानेवारीच्या मध्यापासून. एचआरला मात्र डिसेंबरातच लिहावं. ‘माझा व्हिसा संपतोय’ एवढ्यावर पत्र मागे पडतं. त्यापेक्षा असं लिहावं: ‘माझा आय-९४ १४ जुलैला संपतो, प्रत सोबत आहे. मुदतवाढीचं काम वकिलांकडे कधी जाईल, आणि माझ्याकडून काय हवं?’ कंपनीला आधी श्रम खात्याकडून एलसीए मंजूर करून घ्यावा लागतो. त्यालाच कामकाजाचे सात दिवस जातात, शिवाय वकिलांचा वेळ वेगळा.

आपल्याकडून नवा-जुना पासपोर्ट, आय-९४, सगळी आय-७९७, अलीकडच्या पगारपावत्या, डब्ल्यू-२, पदवी आणि गुणपत्रिका लागतात. पासपोर्टचं नूतनीकरण आधी उरकावं, नाहीतर तीच अडचण पुन्हा उभी राहते. कामाची जागा दुसऱ्या महानगर परिसरात गेली असेल, तर ते पहिल्याच पत्रात सांगावं. अशा बदलासाठी सुधारित अर्ज लागतो, आणि तो राहून गेला असेल तर मुदतवाढच अडू शकते.

अर्ज १४ जुलैपूर्वी सरकारदरबारी पोचला, तर निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. वकिलाकडे कागद पोचले म्हणजे अर्ज झाला, असं मात्र धरू नये. कंपनीकडून पोचपावतीची प्रत मागून घ्यावी, तिच्यावरची तारीखच ग्राह्य असते.

आणि बायको एच-फोरवर असेल, तर नवऱ्याच्या अर्जाने तिची मुदत वाढत नाही. तिचा आय-५३९ वेगळा असतो, त्यावर सहीही तिचीच लागते. तो सोबत पाठवणार का, हे त्याच पत्रात विचारावं, कारण कंपनीवर त्याची जबाबदारी नसते.