हप्ता अडीच हजारांनी वाढवला, तर कर्ज कधी फिटेल?

समजा, विट्यातल्या एका यंत्रमागधारकाचे ५ लाखांचे कर्ज बाकी आहे. व्याज वर्षाला १२ टक्के, हप्ता महिन्याला १०,००० रुपये. एक्सेलमध्ये हे सूत्र टाकायचे:

```
=NPER(12%/12,-10000,500000)
```

उत्तर येते ६९.६६, म्हणजे ७० हप्ते. हप्ता १२,५०० केला की उत्तर ५१.३४ येते. म्हणजे ५२ हप्ते, त्यातला शेवटचा छोटा. तब्बल दीड वर्ष वाचते!

हप्ता खिशातून जातो, म्हणून त्याआधी वजाचे चिन्ह हवे. ते विसरले, तर महिनेच उणे येतात. या कर्जाचे पहिल्या महिन्याचे व्याजच ५,००० रुपये आहे. हप्ताही तेवढाच लिहिला, तर #NUM! दिसते, कारण मुद्दल हलतच नाही. दर बदलता असेल, तर दर बदलताच त्या दिवसाची बाकी टाकून हिशेब पुन्हा करावा.