साठ घरं कोणती?

ग्रामपंचायतीच्या कपाटात एक जाडजूड नोंदवही असते. तिला नमुना ८ म्हणतात. घरपट्टी आकारायची म्हणून गावातल्या मिळकती तिच्यात ओळीने लिहिलेल्या असतात. एखाद्या गावात पाण्यासाठी रोज अर्ध्या तासाहून जास्त पायपीट किती कुटुंबांना करावी लागते, हे शोधायचं आहे असं समजू. दारोदार जायला माणसं दोन, दिवस पाच. फार तर साठ घरं होतील. वहीतल्या गोठे-दुकानांवर काट मारली, एका छपराखाली दोन चुली असतील तिथे दोन नोंदी केल्या आणि हाती १२०० कुटुंबांची स्वच्छ यादी आली. त्यातली ९०० गावठाणात, ३०० डोंगराकडच्या वस्त्यांवर. आता या १२०० मधली साठ कोणती?

मी हे गाव कल्पनेतलं घेतलं आहे, कारण इथे खरं उत्तर आधीच माहीत असलेलं बरं. गावठाणात दहा टक्के कुटुंबांना लांबून पाणी आणावं लागतं आणि वस्त्यांवर सत्तर टक्के कुटुंबांना, असं धरू. म्हणजे गावठाणातली ९० आणि वस्तीवरची २१० मिळून ३००. सगळ्या गावाचा आकडा पंचवीस टक्के. साठ घरं फिरून आपण या पंचविसाच्या किती जवळ पोहोचतो, एवढंच पाहायचं.

पहिला मार्ग भिशीच्या चिठ्ठीचा. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक द्यायचा आणि साठ क्रमांक सोडतीने काढायचे. पुस्तकात याला साधी यादृच्छिक निवड म्हणतात. कोणत्याही साठ कुटुंबांचा गट निघण्याची शक्यता इतर कोणत्याही साठांच्या गटाइतकीच असली पाहिजे, ही तिची अट. ऐकायला सोपी वाटते, पण हाताने चिठ्ठ्या काढून ती पाळणं अवघड आहे. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली. तारखांच्या डब्या एकेका महिन्याच्या करून पेटीत टाकल्या होत्या आणि पेटी नीट ढवळली गेली नाही. वर्षाअखेरच्या महिन्यांतल्या तारखा सोडतीत प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या, म्हणजे त्या महिन्यांत जन्मलेल्या तरुणांवर आधी बोलावणं येण्याची पाळी आली. सर्वेक्षणासाठी चिठ्ठ्या करूच नयेत. संगणकाच्या तक्त्यात नावांशेजारच्या रांगेत हे सूत्र भरावं:

```
=RAND()
```

आलेले आकडे लगेच ‘फक्त किंमत’ म्हणून चिकटवून गोठवावेत, नाहीतर तक्त्याला हात लावला की ते बदलतात. मग त्या रांगेवर यादी क्रमाने लावायची आणि वरची साठ नावं घ्यायची. यादीत मुळात प्रत्येक नाव एकदाच असेल, तर कुणी दोनदा निघण्याची भीती उरत नाही.

सोडत निर्दोष असली तरी साठांत वस्तीवरची कुटुंबं किती येतील हे नशिबावर राहतं. सरासरीने पंधरा यावीत. पण शंभरदा सोडत काढली, तर साधारण नऊ वेळा ती नऊ किंवा त्याहून कमी तरी येतील, नाहीतर एकवीस किंवा त्याहून जास्त तरी. नऊच आली, तर गावाचा आकडा पंचविसाऐवजी एकोणिसाच्या आसपास जाईल. एकवीस आली, तर एकतीसच्या. यात फसवणूक कुणीच केलेली नाही. गणित सांगतं की आपला आकडा शंभरातल्या पंचाण्णव वेळा खऱ्यापासून वर-खाली सुमारे अकरा टक्क्यांच्या आत राहील. चौदा टक्के आणि छत्तीस टक्के या दोन टोकांवरून टँकरबद्दल निघणारे निर्णय मात्र अगदी वेगळे असतील.

दुसरा मार्ग कामाला सोपा, म्हणून क्षेत्रावरच्या लोकांना तो आवडतो. १२०० ला साठाने भागलं की टप्पा वीसचा येतो. एक ते वीसमधला एक क्रमांक सोडतीने काढायचा. तो सात निघाला, तर सातवं कुटुंब, सत्ताविसावं, सत्तेचाळिसावं असं शेवटपर्यंत जायचं. ही पद्धतशीर निवड. नशिबाचा खेळ इथे एकदाच, आरंभाला होतो. त्यामुळे साठांचे शक्य असलेले गट फक्त वीस उरतात, आणि ते गट चांगले की वाईट हे यादी कशा क्रमाने लागली आहे यावर ठरतं. निवडीपूर्वी यादी वाचायची ती यासाठीच.

आपल्या यादीत आधी गावठाण गल्लीगल्लीने येतं आणि नंतर वस्त्या. ही आपल्या भाग्याची गोष्ट आहे. वीसच्या टप्प्याने चालत गेलं, की पहिल्या ९०० मधून बरोबर पंचेचाळीस आणि पुढच्या ३०० मधून बरोबर पंधरा कुटुंबं येणारच, आरंभ कोणताही असो. साध्या सोडतीतला मोठा धोका आपोआप टळतो, शिवाय एकही गल्ली सलग सुटत नाही. सर्वेक्षण करणारे कधीकधी यादी मुद्दाम गाव, वस्ती, घरपट्टीची रक्कम अशा क्रमाने लावून मग टप्पा टाकतात, ते याच फायद्यासाठी.

पण क्रम उलटा अंगावरही येतो. मुंबईतल्या एखाद्या चाळीची यादी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या आहेत आणि सार्वजनिक नळ मजल्याच्या एका टोकाला. खोल्या क्रमाने लिहिल्या आहेत आणि आपला टप्पाही वीसचाच आहे. आरंभ एकावर आला, तर प्रत्येक मजल्यावरची नळाला लागून असलेली खोली हाती येईल आणि पाण्याचा त्रास कुणालाच नाही असं दिसेल. आरंभ वीसवर आला, तर सगळ्या पार टोकाच्या खोल्या. मतदारयादीत घर क्रमांकाप्रमाणे नावं येतात. त्यात एखाद्या भागात पती, पत्नी, पती, पत्नी अशी जोडी लांबवर चालली आणि टप्पा सम निघाला, तर एकट्या पुरुषांची किंवा एकट्या बायकांची मुलाखत होऊन बसते. निवड झाल्यावर साठ क्रमांक मूळ यादीशी ताडून पाहिले, तर हे पकडता येतं: खोलीचा शेवटचा आकडा सारखा तोच येतो का, स्त्री-पुरुषांचं प्रमाण यादीतल्या प्रमाणाशी जुळतं का? शंका आली, तर यादीचे लहान भाग पाडून प्रत्येक भागासाठी आरंभ नव्याने काढावा.

दुसरी चूक याहून बारीक आहे आणि मला ती जास्त छळते. समजा कुटुंबं १२०० नसून १२३० आहेत. टप्पा साडेवीस येतो. ‘चला, वीस धरू’ म्हणून साठ घरं मोजली, की आपण जास्तीत जास्त बाराशेव्या क्रमांकापर्यंतच पोहोचतो. शेवटच्या तीस कुटुंबांना निवडलं जाण्याची संधीच मिळाली नाही. आणि यादीच्या शेवटी असतं कोण? सर्वात नंतर नोंद झालेली, सर्वात दूरची घरं. टप्पा साडेवीसच ठेवावा, आरंभही अपूर्णांकात काढावा आणि प्रत्येक बेरीज वरच्या पूर्णांकाला न्यावी. आरंभ ७.३ आला, तर आठवं, अठ्ठाविसावं, एकोणपन्नासावं. मग शेवटच्या घरालाही पहिल्याइतकीच संधी मिळते.

तिसरा मार्ग म्हणजे यादीचे थर आधी वेगळे करणं आणि प्रत्येक थरात स्वतंत्र सोडत काढणं. ही स्तरित निवड. गावठाणातून पंचेचाळीस आणि वस्तीतून पंधरा काढले, तर चूक वर-खाली अकराऐवजी साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. साध्या सोडतीने एवढी नेमकी माहिती हवी असती, तर साठाऐवजी सुमारे नव्वद घरं फिरावी लागली असती. तीस घरांची पायपीट वाचली ती गावठाण आणि वस्ती यांच्यातला फरक मोठा होता म्हणून. दोन्हीकडे पाण्याची स्थिती सारखी असती, तर थर पाडून जवळपास काहीच मिळालं नसतं. घराच्या रंगावरून थर पाडले, तरी तसंच होईल.

कोणत्या थरातून किती घ्यावेत, याचा नियम पोलंडचे येर्झी नेमान यांनी १९३४ साली मांडला: थर मोठा असेल आणि त्याच्या आत माणसामाणसांत फरक जास्त असेल, तर तिथून जास्त घ्यावेत. पण थरातला फरक आधी ठाऊक कसा असणार? लंडनला नेमान यांच्याजवळ शिकलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हाच प्रश्न उचलला होता. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे भारतात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुन्यावरून काढण्याच्या कामात त्यांनी मोठी भर घातली. आपल्या गावाला नेमान यांचा नियम लावला, तर गावठाणातून चाळीस आणि वस्तीतून वीस येतात. पंचेचाळीस-पंधराच्या तुलनेत चूक नावापुरतीच कमी होते. त्यामुळे मी एवढ्या हिशेबात शिरणार नाही. मी तीस आणि तीस घेईन. एकूण आकड्याची चूक नऊच्या आसपासच राहते आणि वस्त्यांबद्दल वेगळं बोलायला पंधराऐवजी तीस घरं हाताशी येतात. पंधरा घरांवरून वस्तीबद्दल काही ठासून सांगणं धाडसाचं ठरेल.

मात्र तीस-तीस घेतले की एक ऋण डोक्यावर येतं. गावठाणातलं प्रत्येक निवडलेलं कुटुंब आता तीस कुटुंबांच्या वतीने बोलतं आणि वस्तीवरचं दहांच्या वतीने. बेरीज करताना त्यांना तेवढंच वजन द्यावं लागतं. गावठाणात तिसांपैकी तिघांनी ‘हो’ म्हटलं, वस्तीवर तिसांपैकी एकवीस जणांनी. साठांपैकी चोवीस म्हणून चाळीस टक्के लिहिलं, तर अहवाल साफ चुकला. तिनाला तिसाने गुणून नव्वद, एकविसाला दहाने गुणून दोनशे दहा, बेरीज तीनशे, बाराशेपैकी पंचवीस टक्के. मी पाहिलेल्या एका अहवालात ही वजनं कुठेच नव्हती. तक्ते देखणे होते आणि गावाचा आकडा वस्तीच्या आकड्याकडे सरकलेला होता.

आता दार. साठ नावांचा कागद घेऊन माणूस निघतो आणि अकराव्या घराला कुलूप दिसतं. शेजारचं दार उघडं असतं. तो तिथे विचारतो आणि पुढे जातो. त्या क्षणी सोडत संपली. पाऊण तास पायपीट करून पाणी आणणारी बाई दुपारी अकराला घरात नसते. ती पाण्यालाच गेलेली असते. तिच्याऐवजी उघडं दार घेतलं, की अंगणात नळ असलेलं घर आत येतं. म्हणून निवडलेल्या घरी पुन्हा जायचं, वेळ बदलून, सकाळी आणि अंधार पडल्यावर, निदान तीनदा. बीड जिल्ह्यात हे सर्वेक्षण जानेवारीत असेल, तर तीन फेऱ्यांनीही भागणार नाही. ऊसतोडीला दसऱ्याच्या सुमारास निघालेली कुटुंबं तेव्हा कारखान्याच्या फडावर असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कुलुपं कोणत्या थरात किती निघाली, हे वेगळ्या रकान्यात लिहून ठेवावं. गावठाणात तिसांपैकी दोन आणि वस्तीवर तिसांपैकी बारा कुलुपं असतील, तर वस्तीचा सत्तर टक्क्यांचा आकडा छापण्याआधी त्या बारा घरांची पाळत मे महिन्यात पुन्हा घ्यावी लागेल.